दुकान सोडताना लाईट मीटरच्या डिपॉझिटचं काय करायचं?

पत्र:

ताई, माझं कराडला टेलरिंगचं दुकान आहे, जागा भाड्याची, पण कमर्शियल मीटर सहा वर्षांपूर्वी मीच माझ्या नावावर घेतलेला. 20 मे ची तारीख असलेलं एक वेगळंच बिल आलंय, अतिरिक्त सुरक्षा ठेव म्हणून 3,500 रुपये भरा म्हणतात. मागच्या वर्षी पण असं आलं होतं, मी भरलं नाही, काही झालं नाही. रेग्युलर बिलावर सुरक्षा ठेव जमा 3,700 असं दिसतं. वर्षभराची सगळी बिलं मिळून 43,200 झाली आहेत, थकबाकी काही नाही. आता 31 जुलैला मी दुकान सोडतोय. मालक म्हणतात मीटर बंद करू नका, माझ्या नावावर करून घेतो, तुम्ही फक्त सही द्या. हे 3,500 भरू का? आणि आधीचे पैसे परत मिळतात का, कसे? ठेवीची मूळ पावती सापडत नाहीये. शेवटची दोन बिलं भरलीच नाहीत तर ठेवीतून आपोआप वळती होतील ना?

उत्तर:

दादा, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते कारण त्यातच सगळ्यात जास्त लोक अडकतात. आपोआप असं काही वळतं होत नाही. कनेक्शन चालू आहे तोवर ठेव वेगळी आणि बिल वेगळं, बिल थकलं की ते थकलेलंच धरतात, त्यावर 1.25 टक्के विलंब आकार लागतो आणि 15 दिवसांची नोटीस देऊन लाईट पण तोडू शकतात, तुमची ठेव त्यांच्याकडे पडलेली असली तरी. ठेवीतून वजावट होते ती हिशोब बंद करताना, म्हणजे कनेक्शन कायमचं बंद झाल्यावर, ज्याला ऑफिसात सगळे पीडी म्हणतात. त्यामुळे जून आणि जुलैची बिलं नेहमीसारखी तारखेच्या आत भरा. पुढे आकडे मांडून दाखवते, मग लगेच कळेल का ते.

आता हे 3,500 आले कुठून. महावितरण असो नाहीतर मुंबईतल्या बेस्ट, अदानी, टाटा असोत, ठेवीचे नियम राज्य वीज नियामक आयोगाचे आहेत, सगळ्यांना तेच. नवीन कनेक्शन घेताना तुमचा वापर किती होणार हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून मंजूर लोड आणि कुठल्या वर्गातलं कनेक्शन, घरगुती की कमर्शियल, यावरून अंदाजाने ठेव घेतात. एकदा बिलं सुरू झाली की मग अंदाज संपला, दर आर्थिक वर्षात एकदा खऱ्या बिलांवरून ठेव परत मोजायची असते. मागच्या बारा महिन्यांच्या बिलांची सरासरी काढायची, आणि ज्याला दर महिन्याला बिल येतं त्याच्याकडून त्या सरासरीच्या दुप्पट ठेव हवी. ज्यांना तीन महिन्यांनी बिल येतं त्यांच्यासाठी तिमाही सरासरीच्या दीडपट, पण तो तुमचा विषय नाही.

तुमचं गणित बघा. 43,200 भागिले 12, महिन्याला सरासरी 3,600. त्याची दुप्पट 7,200. तुमची जमा आहे 3,700. फरक 3,500. म्हणजे मागणी बरोबर आहे, एक रुपयाही जास्त लावलेला नाही.

मग सहा वर्षं 3,700 कशी चालली असं तुमच्या मनात येणारच. त्याचं कारण असं की जुन्या, म्हणजे 2005 च्या नियमात, तीन महिन्यांची सरासरी किंवा एका बिलिंग सायकलची सरासरी यात जे कमी ते घ्यायचे, महिन्याला बिल असेल तर एका महिन्याचंच बिल झालं ते. तुमची 3,700 बघा, जवळजवळ एका महिन्याच्या बिलाएवढीच आहे. 2021 चे नवीन नियम आले आणि एकाचे दोन महिने झाले. तेव्हापासून लोकांना ही वेगळी बिलं यायला लागली आणि खूप जणांना वाटलं की काहीतरी चुकीचं बिल आलंय, किंवा दरवाढ झाली. तसं नाहीये. कंपनीच्या बाजूने विचार केला तर तुम्ही वीज आधी वापरता आणि पैसे नंतर देता, महिनाभर वापर, मग रीडिंग, मग बिल, मग भरायची मुदत, मग नोटिशीचे 15 दिवस, असं करत दोन महिन्यांची वीज उधार गेलेली असते, तेवढ्याची हमी म्हणून दोन महिने. प्रीपेड मीटर घेतला तर ही ठेव मागताच येत नाही, वीज कायद्याच्या कलम 47(5) मध्ये तसं स्पष्ट आहे, कारण तिथे उधारीच नाही.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाने तपासायची. सरासरी काढताना त्या त्या महिन्याचं चालू बिल धरायचं, मागची थकबाकी जोडून आलेला एकूण आकडा धरायचा नाही. कुणी मार्चचं 4,000 चं बिल भरलं नाही आणि एप्रिलच्या बिलावर एकूण देय 8,100 छापून आलं, तर एप्रिलचे 4,100 च धरायचे, नाहीतर मार्च दोनदा मोजला जातो आणि सरासरी उगाच फुगते. तसंच मधे दोनतीन महिने मीटरचं रीडिंग घेतलंच नसेल आणि अंदाजे बिलं आली असतील, नंतर ती दुरुस्त झाली असतील, तर दुरुस्त झालेला आकडा धरलाय ना ते बघायचं. तुमच्याकडे थकबाकी नाही आणि गणित जुळतंय, त्यामुळे तुम्हाला यावर भांडायची गरज नाही. ज्यांचं जुळत नाही त्यांनी ऑफिसातून सीपीएल मागायचा, म्हणजे ग्राहकाचं खातंउतारा म्हणा, त्यात महिन्यामहिन्याचं बिल, भरणा, रीडिंग, सगळं ओळीने असतं. बारा ओळी घ्या, बेरीज करा, बाराने भागा, दुप्पट करा. पाच मिनिटांचं काम आहे.

तर भरायचे का 3,500? मागच्या वर्षी काही झालं नाही हे खरं असेल, पण कलम 47 प्रमाणे मागणीची नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत ठेव दिली नाही तर जोवर देत नाही तोवर वीज बंद ठेवायचा अधिकार कंपनीला आहे. दरवेळी वापरतात असं नाही, पण तुमच्या जुलैमधे, ऑर्डरी द्यायच्या गडबडीत, मशीन बंद पडून बसायची रिस्क कशाला घ्यायची. तुम्ही 30 दिवसांच्या आतच दुकान सोडत असता तर मी म्हटलं असतं की भरू नका, सरळ बंद करायचा अर्ज द्या. पण तुम्ही 31 जुलैपर्यंत आहात. अशा वेळी मधला रस्ता आहे, ही अतिरिक्त ठेव सहा समान मासिक हप्त्यांत भरता येते. 3,500 चे सहा हप्ते म्हणजे एक हप्ता साधारण 583 रुपयांचा. उपविभागीय ऑफिसात आजच एक साधा अर्ज द्या की हप्ते करून द्या, जूनचा एक आणि जुलैचा एक असे दोन हप्ते भरा, 1,166 रुपये होतील, आणि ते कुठे जात नाहीत, ठेवीतच जमा होतात आणि हिशोबात परत येतात. फक्त प्रत्येक हप्त्याची पावती वेगळी येईल ती जपा, कारण हे पैसे रेग्युलर बिलात भरायचे नाहीत, ठेवीच्या त्या वेगळ्या बिलावरच भरायचे. काही जण दोन्ही एकत्र करून रेग्युलर बिलाच्या नंबरवर भरतात, मग ती रक्कम ॲडव्हान्स म्हणून बिलात जाते आणि ठेवीची मागणी तशीच उभी राहते. भरल्यानंतर पुढच्या एकदोन बिलांत सुरक्षा ठेव जमा समोरचा आकडा वाढलाय का ते बघायचं. तुमच्या बाबतीत पहिल्या हप्त्यानंतर 4,283 आणि दुसऱ्यानंतर 4,866 दिसायला हवा.

आता व्याज, कारण याकडे कुणी बघतच नाही. ठेव रोख, चेक किंवा डीडीने दिलेली असेल तर त्यावर कंपनीने व्याज द्यायचं असतं, रिझर्व्ह बँकेचा जो बँक रेट असेल त्या दराने. हा रेट बदलत असतो, 2021 साली तो 4.25 टक्के होता आणि 2024 साली 6.75. तुमच्या 3,700 वर पहिल्या दराने वर्षाचे 157 रुपये होतात आणि दुसऱ्या दराने जवळजवळ 250. हे पैसे तुमच्या हातात येत नाहीत, आर्थिक वर्ष संपल्यावर बिलातूनच वजा होतात. वर्षातून एखादं बिल वापर तेवढाच असून अचानक दोनअडीचशेने कमी आलं असेल आणि तुम्हाला वाटलं असेल की बरंय या महिन्यात, तर ते बहुतेक हेच होतं. एप्रिलनंतरची दोनतीन बिलं काढा आणि त्यात उणे चिन्हाची एखादी रक्कम दिसते का बघा. कुठल्याच बिलात नसेल तर तेही अर्जात लिहा, पुढे लागेल.

हाच रस्ता उलट दिशेनेही चालतो. वापर कमी झाला आणि वर्षाच्या फेरहिशोबात ठेव जास्त निघाली तर जादा रक्कम परत मागता येते, पुढच्या बिलात वळती करून किंवा वेगळी. पण तुम्ही आता बंदच करताय तर त्यात वेळ घालवू नका.

आता मालकांचा मुद्दा, आणि दादा, इथे मात्र नीट लक्ष द्या. तुमच्यासमोर खरं तर दोनच सरळ मार्ग आहेत, एक म्हणजे कनेक्शन पीडी करून ठेव घ्यायची, दुसरा म्हणजे मालकांच्या नावावर ट्रान्सफर करायचं. तिसरा मार्ग म्हणजे काहीच न करता चावी देऊन निघून जायचं, नंतर बघू म्हणत, आणि हाच सगळ्यात जास्त जण निवडतात आणि हाच वाईट. कारण मीटर तुमच्या नावावर राहिला की पुढचा भाडेकरू जे वापरेल ते बिल तुमच्या नावावर, तो थकवून गेला तर ती थकबाकी तुमच्या ठेवीतून आधी कापली जाणार आणि उरलेली तुमच्या नावावर उभी राहणार.

मालकांची गरज खरी आहे, त्यांना नवीन कनेक्शनचा खर्च आणि वेळ वाचवायचाय, त्यात वावगं काही नाही. पण "फक्त सही द्या" यातल्या सहीचा कागद वाचा. नाव बदलायला आधीच्या ग्राहकाचं संमतीपत्र लागतं, आणि त्या संमतीपत्रात बऱ्याचदा असं एक वाक्य असतं की माझी सुरक्षा ठेव नवीन ग्राहकाच्या नावे वर्ग करायला माझी हरकत नाही. ते वाक्य वाचून सही करा किंवा खोडून सही करा, पण न वाचता करू नका. एकदा ठेव वर्ग झाली की कंपनीच्या लेखी ती मालकांची, मग ती तुम्हाला मालकांकडूनच मागावी लागेल आणि तेव्हा त्यांना ती आठवेलच असं नाही.

मला विचाराल तर सोपं असं करा. मालकांना सांगा की 4,866 ठेव आहे, ती तुमच्या नावे वर्ग करतो, तेवढी रक्कम मला सहीच्या दिवशी ऑनलाइन पाठवा, आणि दोघांच्या सहीचा चार ओळींचा कागद करू. दुकानभाड्याच्या डिपॉझिटच्या हिशोबात पण धरता येईल ते. त्यांना पटलं तर तुमचा प्रश्न एका दिवसात संपला, ऑफिसचे हेलपाटेही वाचले. फक्त नाव बदलायच्या तारखेचं रीडिंग दोघांनी मिळून बघून त्या कागदावर लिहा, म्हणजे त्या दिवसापर्यंतची वीज तुमची आणि पुढची त्यांची. मालक रक्कम द्यायला तयार नसतील तर संमतीपत्रात स्पष्ट लिहा की सुरक्षा ठेव वर्ग करायला संमती नाही, ती मला परत करावी, नवीन ग्राहकाने आपली ठेव स्वतंत्र भरावी. त्यालाही ते तयार नसतील तर मग पीडी.

पीडी कसं करायचं ते सांगते. सोडायच्या तारखेच्या आधी पुरेसे दिवस ठेवून उपविभागीय ऑफिसात अर्ज द्या, तुमच्यासाठी म्हणजे जूनच्या शेवटीच. तोंडी सांगून, लाईनमनला फोन करून काही होत नाही. अर्ज दोन प्रतींत, एक त्यांना, एकीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का घेऊन तुमच्याकडे. मजकूर साधाच असू दे, असा काहीतरी:

"माझे वरील ग्राहक क्रमांकाचे व्यापारी वीज कनेक्शन दिनांक 31 जुलै रोजी कायमस्वरूपी बंद करावे. त्या दिवशी माझ्या समक्ष अंतिम रीडिंग घेऊन अंतिम बिल द्यावे. जमा सुरक्षा ठेव आणि त्यावरील आजवरचे व्याज यातून अंतिम बिलाची रक्कम वजा करून उरलेली रक्कम सोबत दिलेल्या बँक खात्यात जमा करावी. मूळ पावती गहाळ झाली आहे, ठेवीच्या नोंदीसाठी शेवटच्या बिलाची प्रत जोडली आहे."

याला जोडायचं काय, तर शेवटचं भरलेलं बिल आणि त्याची पावती, दोन्ही हप्त्यांच्या पावत्या, आधार, कॅन्सल चेक नाहीतर पासबुकच्या पहिल्या पानाची झेरॉक्स. खात्यावरचं नाव आणि कनेक्शनवरचं नाव एकच हवं, टेलर्सच्या नावाने कनेक्शन आणि तुमच्या नावाने खातं असं असेल तर तो घोळ आधीच मिटवा, बिलाच्या वरच्या कोपऱ्यात नाव नेमकं कसं छापलंय ते बघून घ्या.

पावती हरवली म्हणून घाबरू नका. बिलावरचा सुरक्षा ठेव जमा हा आकडा त्यांचीच नोंद आहे, ती ते नाकारू शकत नाहीत. फार तर स्टॅम्पपेपरवर हमीपत्र मागतील की पावती हरवली, नंतर कुणी ती घेऊन आलं तर जबाबदारी माझी, ते देऊन टाका. नियमात ठेव परत करायची ती ज्याने भरली त्याला, ग्राहक दुसरा असला तरी. तुमच्या बाबतीत दोन्ही तुम्हीच आहात म्हणून सोपंय. मीटर मालकाच्या नावावर आणि ठेव भाडेकरूने भरलेली असं जिथे असतं तिथे मात्र ती पावतीच सगळं ठरवते, अशा भाडेकरूंनी ती जिवापाड जपायला हवी.

आणि शेवटच्या रीडिंगच्या दिवशी तुम्ही स्वतः तिथे हजर राहा. मीटर काढायला माणूस येतो, कागदावर आकडा लिहितो, वायर कापतो, मीटर पिशवीत घालून घेऊन जातो, दहा मिनिटांत सगळं. माझ्या ओळखीच्या एका बाईंचं असंच झालं, त्या गावाला गेल्या होत्या, शेजाऱ्यांनी दार उघडून दिलं. कागदावर आकडा पडला 4877, त्यांच्या वहीत चार दिवस आधीचं रीडिंग होतं 4815, आणि घर तर बंद होतं, फ्रिज पण बंद. बहुतेक 4817 होतं आणि एकाचा सात झाला असावा. 60 युनिट जास्त लागली, आणि भांडायला हातात काहीच नाही कारण मीटर गेलेला आणि फोटो कुणी काढलेला नाही. त्यामुळे मीटर काढायच्या आधी फोटो काढा, त्यात मीटरचा नंबर आणि रीडिंग दोन्ही एकाच फोटोत दिसले पाहिजेत, डिजिटल मीटरवर स्क्रीन फिरत असते, वेळ, व्होल्ट असं काय काय दाखवते, तर युनिटचा आकडा आला की मगच क्लिक करा. आणि मीटर काढल्याचा जो रिपोर्ट ते भरतात त्यावर सही करताना आकडा वाचा आणि त्याचाही फोटो घ्या.

आता हिशोब कसा दिसायला हवा ते. समजा 12 जुलैला नेहमीचं रीडिंग झालं आणि त्याचं बिल 3,900 आलं, ते तुम्ही भरलं. 12 ते 31 जुलै या 19 दिवसांचं अंतिम बिल समजा 2,350 झालं. ठेव 3,700 अधिक हप्त्यांचे 1,166, म्हणजे 4,866. मार्चपर्यंतचं व्याज आधीच बिलात मिळालेलं असेल असं धरू, मग एप्रिल ते जुलै चार महिन्यांचं 3,700 वर, समजा साडेसहा टक्क्याने, 80 रुपये. हप्त्यांवरचं व्याज चारपाच रुपये होईल, ते सोडून देऊ. 4,866 अधिक 80 म्हणजे 4,946, त्यातून 2,350 गेले, उरले 2,596. एवढे तुमच्या खात्यात यायला हवेत.

आणि तुम्ही विचारलं तसं जुलैचं बिल भरलंच नाही तर? 3,900 आणि 2,350 मिळून 6,250, ठेव आणि व्याज 4,946, म्हणजे परत मिळणं राहिलं बाजूला, 1,304 तुमच्याकडेच निघतात, वर त्या 3,900 वर 49 रुपये विलंब आकार. आणि जूनचं पण नाही भरलं तर आकडा अजून मोठा, वर थकबाकी असताना पीडीचा अर्ज दिला की आधी थकबाकी भरा असंच ऐकायला मिळतं. मधेच लाईट तात्पुरती तोडली गेली तर वापर शून्य असूनही स्थिर आकार चालूच राहतो, म्हणजे बंद मीटरचंही बिल येत राहतं आणि ते ठेवीला आतून खात राहतं.

ऑगस्टमधे अंतिम बिल आलं की पहिलं बघायचं शेवटचं रीडिंग तुमच्या फोटोशी जुळतंय का, मग ठेव पूर्ण 4,866 धरली आहे का (बऱ्याचदा नवीन भरलेले हप्ते सिस्टीमला चढायचे राहतात, तिथेच त्या पावत्या कामाला येतात), मग व्याज धरलंय का. पुढच्या महिन्यातही 1 ऑगस्टपासून स्थिर आकार लावलेलं बिल आलं तर समजा की मीटर निघाला पण सिस्टीममधे पीडी झालं नाही, लगेच मीटर काढल्याचा रिपोर्ट घेऊन जा. हे जितक्या लवकर पकडाल तितकं बरं, सहा महिन्यांनी पकडलं तर सहा बिलं रद्द करून घ्यावी लागतात.

पैसे यायला वेळ लागला तर ठेवीवरचं व्याज 31 जुलैला थांबत नाही, कंपनी परताव्याची रक्कम पाठवते त्या दिवसापर्यंत ते चालू असतं. म्हणून स्मरणपत्र देताना "आजपर्यंतच्या व्याजासह" हे शब्द लिहा. आधी 1912 वर किंवा ॲपवर तक्रार करून तिचा नंबर घ्या, उपविभागात त्या नंबरसह लेखी स्मरणपत्र द्या, आणि तरीही काही हललं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे अर्ज करा. तिथे वकील लागत नाही, तुमचा शिक्क्याचा अर्ज, मीटरचा फोटो, पावत्या आणि वर मांडला तसा एका पानाचा हिशोब एवढं पुरतं. मंचाचा निर्णय पटला नाही तर वर वीज लोकपाल आहेत, मुंबई आणि नागपूरला. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मंचाकडे जायला हवं.

आजचं काम म्हणाल तर दोन, हप्त्यांचा अर्ज, कारण तुमच्या बिलाची तारीख 20 मे आहे आणि 30 दिवस संपत आलेत, आणि ॲपवरून मागच्या बारा महिन्यांची बिलं डाउनलोड करून ठेवणं, नाव बदललं किंवा खातं बंद झालं की ती तुम्हाला सहज दिसणार नाहीत. मालकांशी बोलून काय ठरलं ते कळवा, संमतीपत्राचा मजकूर पाठवलात तर सही करायच्या आधी मी वाचून सांगेन.